वॉरंटी संपल्यानंतरचा टीव्ही



टीव्हीची परीक्षणं आपण सगळेच पाहतो. खोकं उघडलं, टीव्ही भिंतीवर चढवला, आठ-दहा दिवस वापरला आणि गुण दिले, असं बहुतेकांचं स्वरूप असतं. आपण मात्र टीव्ही घेताना तो सहा-सात वर्षं चालेल असं मनात धरलेलं असतं. त्या वर्षांत काय होतं, खर्च कुठून निघतो आणि तेव्हा कंपनीचा माणूस काय सांगतो, हे दहा दिवसांच्या परीक्षणात येऊच शकत नाही. म्हणून आजच्या भागात मी दोन वर्षं वापरलेल्या टीव्हीबद्दल बोलणार आहे.

आधी टीव्हीची ओळख करून देतो. ५५ इंची, फोर-के, साधा एलईडी, गूगलची प्रणाली असलेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ४१ हजारांना घेतला. वॉरंटी एक वर्षाची. घरात आम्ही दोघं, रोज साधारण सहा तास तो चालतो. कंपनीचं नाव मी घेणार नाही, कारण जे सांगणार आहे ते या किमतीच्या बऱ्याच टीव्हींना लागू पडतं. फौजेत मी सिग्नल्समध्ये होतो आणि निवृत्तीनंतर महूलाच राहिलो. त्यामुळे यंत्र बिघडलं की आधी बिघाड कुठल्या भागात आहे ते ठरवायचं आणि मगच हात लावायचा, ही सवय अंगात मुरलेली आहे. टीव्हीच्या बाबतीतही तीच उपयोगी पडली.

चित्र

दुकानातला टीव्ही आणि घरातला टीव्ही यांत पहिला फरक म्हणजे दुकानात तो सर्वांत भडक मोडवर असतो. तिथं ट्यूबलाइटचा लखलखाट असतो, शेजारी आणखी वीस टीव्ही असतात आणि त्यात उठून दिसायचं असतं. घरी आणल्यावरही बरेच टीव्ही तशाच भडक किंवा ‘स्टँडर्ड’ मोडवर सुरू होतात. माणसांचे चेहरे निळसर पांढरे आणि गवत रंगवल्यासारखं हिरवं दिसतं. सेटिंगमध्ये जाऊन ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड लावला की पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटतं, मग डोळा सरावतो आणि तेच खरं वाटू लागतं. मी पहिल्याच आठवड्यात हा मोड लावला आणि मागच्या दिव्यांचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, शंभरवरून साठवर आणला. रात्री बैठकीच्या खोलीत साठ पुरेसा होतो.

दुसरी गोष्ट फोर-केची. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात. आपल्या डिश टीव्हीवरची साधी वाहिनी मात्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांची असते. म्हणजे उरलेले ठिपके टीव्ही अंदाजानं भरतो. म्हणून जुन्या २४ इंची टीव्हीवर स्वच्छ दिसणारी बातम्यांची वाहिनी ५५ इंचांवर पुसट दिसते. यात टीव्हीचा दोष नाही. आमच्याकडं ज्या मराठी वाहिन्या रोज पाहिल्या जातात त्यांची एचडी आवृत्ती जिथं मिळते तिथं ती घेतली आणि फरक लगेच जाणवला. तुमच्या घरी मुख्यतः साध्या वाहिन्याच पाहिल्या जात असतील, तर ५५ ऐवजी ४३ इंचांचा टीव्ही डोळ्यांना जास्त सुखावेल.

तिसरी गोष्ट एचडीआर. खोक्यावर हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. चित्रातला सूर्य, दिवे, पाण्यावरची चमक खरोखर झगझगीत दाखवायची आणि त्याच वेळी अंधारही काळा ठेवायचा, असा त्याचा अर्थ. त्यासाठी पडद्याला भरपूर उजेड पाडता यावा लागतो, आणि पडद्याच्या वेगवेगळ्या भागांतले दिवे वेगवेगळे मंद करता यावे लागतात. ४० हजारांच्या टीव्हीत हे सहसा नसतं. तो एचडीआरचं चित्र घेतो, पण तेवढा उजेड पाडू शकत नाही, त्यामुळे चित्र उलट अंधारं दिसतं. माझ्या टीव्हीवर तसंच होतं. रात्रीच्या प्रसंगांत माणसं ओळखू येत नाहीत. अशा वेळी दिवाळीच्या जाहिरातीतला तो शब्द विसरायचा आणि खोलीतले दिवे मालवायचे.

महिने गेल्यावर चित्रात काय बदलतं, ते क्रिकेट पाहताना कळतं. कॅमेरा चेंडूमागून मैदानावरून फिरतो तेव्हा हिरवळीवर उभे, किंचित मळकट पट्टे सरकताना दिसले, तर पडद्यामागचा उजेड सगळीकडं सारखा पसरत नाही असं समजावं. थोडेसे पट्टे बऱ्याच टीव्हींत पहिल्या दिवसापासून असतात. पण नव्यानं एखादा पांढरा गोल डाग दिसू लागला, किंवा चित्राचा एक भाग जांभळट झाला, तर तो मागच्या दिव्यांचा इशारा असतो. त्याकडं मी पुढं येतो, कारण माझा खरा खर्च तिथंच झाला.

आवाज

पातळ टीव्हीत मोठ्या स्पीकरला जागाच नसते. स्पीकर छोटे असतात आणि त्यांची तोंडं बहुधा खाली असतात. आवाज टेबलावर किंवा भिंतीवर आपटून आपल्यापर्यंत येतो. वीस वॉट असं लिहिलेलं असतं आणि आवाज मोठा निघतोही. पण तो मोठा असणं वेगळं आणि शब्द कळणं वेगळं.

शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांवरून. ‘स’, ‘त’, ‘फ’, ‘क’ यांचा आवाज उंच पट्टीतला आणि हलका असतो. साठीनंतर कानाची नेमकी हीच पट्टी आधी कमी होते. फौजेत गोळीबार ऐकलेल्यांची तर लवकरच. त्यात टीव्हीनं तोच आवाज खाली भिंतीकडं फेकला की बातम्या कळतात, पण वेबमालिकेतलं कुजबुजणं कळत नाही. मग आवाज वाढवायचा आणि पार्श्वसंगीत आलं की घाईनं रिमोट शोधायचा, असा खेळ सुरू होतो.

यावर फुकटचा उपाय आधी करावा. आवाजाच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा मोड असतो. कुठं त्याला ‘स्पीच’ म्हणतात, कुठं ‘न्यूज’, कुठं ‘क्लिअर व्हॉइस’. तो लावला की खालचा घुमणारा आवाज कमी होतो आणि बोलणं पुढं येतं. आमच्या घरी रोजच्या वाहिन्यांसाठी तेवढ्यानं भागलं. चित्रपटांसाठी नंतर एक साधा साउंडबार घेतला. तो जोडताना टीव्हीच्या मागं ज्या एचडीएमआय खाचेवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं असतं, त्याच खाचेत वायर लावावी लागते. दुसऱ्या खाचेत लावली की आवाज येत नाही आणि लोक साउंडबार परत करायला निघतात. संवाद कळत नाहीत हीच तुमची तक्रार असेल, तर मोठ्या डब्याच्या वूफरवर पैसे घालू नका. मधोमध संवादासाठी वेगळा स्पीकर आहे का, ते विचारा.

ॲपचा वेग

स्मार्ट टीव्ही म्हणजे पडदा आणि त्याच्या पाठीमागं चिकटवलेला एक छोटा संगणक. पडदा सहा-सात वर्षं चांगला राहू शकतो. तो संगणक मात्र पहिल्या दिवसापासूनच बेताचा असतो. माझ्या टीव्हीत २ जीबी रॅम आणि ८ जीबी साठवण आहे. त्या आठातला मोठा हिस्सा प्रणालीच घेते. बाकीच्यात ॲप बसवायची, आणि दर काही आठवड्यांनी येणाऱ्या नव्या आवृत्तीनं ती जड होत जातात. यंत्र तेच राहतं, ओझं वाढतं.

मी घड्याळ लावून नोंदी ठेवल्या. पहिल्या महिन्यात यूट्यूब उघडायला ५ सेकंद लागत होते. अठराव्या महिन्यात १४ लागू लागले. रिमोटचं बटण दाबल्यावर खूण सरकायला एखादा सेकंद जायचा. त्यामुळे माणूस पुन्हा दाबतो आणि मग खूण दोन घरं पुढं जाते.

इथं एक फरक नीट ओळखावा लागतो. दोष टीव्हीचा की इंटरनेटचा? यादीवरून यादीवर जातानाच टीव्ही रेंगाळत असेल, तर दोष टीव्हीच्या संगणकाचा आहे. याद्या झटपट सरकतात, पण चित्रपट मध्येच थांबून चक्र फिरू लागतं, तर दोष इंटरनेटचा किंवा घरातल्या वायफायचा. फोर-के चित्रासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस वेग सुचवतं. मोबाइल टीव्हीला टेकवून, त्याच वायफायवर वेग मोजला की खुलासा होतो. राउटरपाशी शंभर दाखवणारा वेग दोन भिंतींपलीकडं दहावर आलेला असतो. वेग कमी असेल तर नवा टीव्ही घेऊन काहीच सुधारणार नाही, राउटरची जागा बदलावी लागेल.

माझ्याकडं दोष टीव्हीचा होता. मी न वापरलेली सात ॲप काढून टाकली. Settings मधून Apps मध्ये जाऊन मोठ्या ॲपचं Clear cache केलं. टीव्ही रिमोटनं बंद केला की तो खरं तर झोपतो, म्हणून आठवड्यातून एकदा Restart करायची सवय ठेवली. १४ सेकंदांचे ९ झाले. त्याच्या खाली मात्र काही केल्या जाईना, कारण यंत्राचीच मर्यादा तेवढी. शेवटी साडेपाच हजारांची फोर-के स्टिक एचडीएमआय खाचेत लावली. आता यूट्यूब ४ सेकंदांत उघडतं आणि टीव्हीचा स्वतःचा संगणक नुसता पडदा सांभाळतो.

या उपायाला आणखी एक कारण आहे. ॲपवाले जुन्या टीव्हींची साथ कायम देत नाहीत. डिसेंबर २०१९ पासून २०१० आणि २०११ सालच्या काही सॅमसंग टीव्हींवर नेटफ्लिक्स चालेनासं झालं. पडदे ठणठणीत होते. अशा वेळी स्टिक बदलली की काम भागतं. म्हणून टीव्ही घेताना ॲपच्या वेगासाठी दहा हजार जास्त मोजू नका, ते पैसे पडद्यावर घाला. ॲपचा भाग नंतर बाहेरून बदलता येतो.

वॉरंटीनंतरची सेवा

आता मुख्य गोष्ट. जुलै २०२५ च्या शेवटी टीव्ही मध्येच काळा व्हायला लागला. आवाज चालू, चित्र गायब. पाच-दहा सेकंदांत परत यायचं. आधी दिवसातून एकदा, मग तासातून एकदा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो काळा झाला तो झालाच. आवाज मात्र स्वच्छ येत होता. टीव्ही तेव्हा २१ महिन्यांचा होता, म्हणजे वॉरंटी संपून नऊ महिने झाले होते.

अशा वेळी कोणालाही बोलावण्याआधी घरच्या घरी एक परीक्षा करता येते. खोली पूर्ण अंधारी करा. टीव्ही चालू ठेवा. मोबाइलची बॅटरी पडद्याच्या अगदी जवळ, थोडी तिरकी धरा आणि दुसऱ्यानं रिमोटवरून मेन्यू उघडून खालीवर करावा. उजेडाच्या त्या गोलात मेन्यूची अक्षरं अंधूकशी सरकताना दिसली, तर काच चांगली आहे, चित्र बनवणारा भागही चांगला आहे, फक्त मागचे दिवे विझले आहेत. काहीच दिसलं नाही, तर बिघाड दुसरीकडं आहे. माझ्या टीव्हीत अक्षरं दिसली.

हे समजण्यासाठी टीव्हीची रचना थोडक्यात सांगतो. एलईडी टीव्हीची पुढची काच स्वतः प्रकाश देत नाही. ती खिडकीच्या रंगीत पडद्यासारखी असते. प्रकाश मागून येतो, पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या पट्ट्यांमधून. माझ्या टीव्हीत अशा ८ पट्ट्या होत्या, प्रत्येकीवर ५ दिवे. दिवाळीच्या जुन्या माळेसारखे हे दिवे एकापुढं एक जोडलेले असतात. माळेतला एक दिवा तुटला की अख्खी माळ विझते. सुरुवातीला दिवा गरम झाला की आतला जोड सुटतो आणि थोडा थंड झाला की परत जुळतो. म्हणून चित्र जातं आणि येतं. शेवटी जोड कायमचा सुटतो.

एलईडीचं आयुष्य तीस हजार तास असं जे छापलेलं असतं, ते उजेड हळूहळू निम्म्यावर येण्याचं असतं. चाळीस दिव्यांतला एकही मध्ये तुटणार नाही, असं त्यात कुणी सांगितलेलं नसतं. माझा टीव्ही ३,८०० तासांच्या आसपास चालला होता, तोही साठच्या उजेडावर. उजेड कमी ठेवला की दिवे कमी तापतात आणि शक्यता घटते, पण शून्य होत नाही.

मी कंपनीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली. चार दिवसांनी इंदूरहून माणूस आला. भेटीचे ५०० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. त्यानं टीव्ही चालू केला, आवाज ऐकला आणि दोन मिनिटांत म्हणाला, “सर, पैनल गया. नया डालना पड़ेगा.” मी त्याला बॅटरीच्या उजेडात अक्षरं दाखवली. तो मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, “सर, बात आपकी सही है, पर हमारी लिस्ट में स्ट्रिप अलग से नहीं आती.”

गोम इथं आहे. कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीत काच आणि मागचे दिवे मिळून एकच वस्तू असते आणि तिलाच ‘पॅनल’ म्हणतात. एक दिवा गेला तरी यादीप्रमाणे अख्खं पॅनल बदलायचं. शिवाय ती मोठी, पातळ काच घरात उचलून ठेवायची तर दोन माणसं, काच पकडायचे रबरी चोषक आणि धूळ नसलेली जागा लागते. एकट्या माणसाला कंपनी ते काम सांगत नाही. त्यामुळे ‘पॅनल गेलं’ हे वाक्य ऐकलं की काच गेली असं धरू नका. कुठला भाग गेला, हे विचारा.

मी अंदाजपत्रक लेखी मागितलं. पॅनल २६,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ३१,२७०. त्या वेळी तशाच नव्या टीव्हीची किंमत ३५ हजारांच्या आसपास होती. म्हणजे दुरुस्ती करण्यात अर्थ नव्हता. इथं बहुतेक घरांत जुना टीव्ही भंगारात जातो आणि नवा येतो.

इंदूरमध्ये टीव्हीच्या सुट्या भागांच्या बाजारात पट्ट्या बदलणारे कारागीर आहेत. असे कारागीर बहुतेक मोठ्या शहरांत मिळतात. मूळ खोकं मी ठेवलं होतं. त्यातून टीव्ही उभाच नेला, कारण आडवा ठेवला की स्वतःच्या वजनानं आणि गचक्यांनी काच तडकू शकते. काम देण्याआधी चार गोष्टी बोलून घेतल्या आणि बिलावर लिहून घेतल्या.

पहिली, उघडताना काच फुटली तर जबाबदारी कोणाची. काही कारागीर ती ग्राहकावर टाकतात. हा गृहस्थ म्हणाला, माझी. म्हणून काम त्याला दिलं. दुसरी, आठही पट्ट्या बदलायच्या, फक्त तुटलेली नाही. बाकीचे दिवे त्याच वयाचे असतात, एक बदलला तर तीन महिन्यांत दुसरा जातो. शिवाय नवी पट्टी जुन्यांपेक्षा उजळ असते आणि पडद्यावर तेवढाच भाग पांढरा दिसतो. तिसरी, पट्टीवर छापलेला क्रमांक जुळवूनच नवी घ्यायची. हे दिवे ३ व्होल्टचे असतात तसे ६ व्होल्टचेही. दिसायला सारखे, पण चुकीचे बसवले तर ते नीट पेटत नाहीत किंवा जळतात. चौथी, जुन्या पट्ट्या परत द्यायच्या आणि कामाची सहा महिन्यांची हमी द्यायची.

दोन दिवसांत टीव्ही मिळाला. पट्ट्यांचे २,८००, मजुरी १,८००, एकूण ४,६००. जुन्या पट्ट्या त्यानं मीटर लावून दाखवल्या. तिसऱ्या पट्टीवरचा एक दिवा मेलेला होता आणि दुसऱ्या दोन दिव्यांवरची प्लॅस्टिकची भिंगं गोंद सुटून हलत होती. भिंग पूर्ण पडलं की उजेड पसरत नाही आणि पडद्यावर तो पांढरा गोल डाग दिसतो. नव्या पट्ट्यांनी चित्र थोडं निळसर झालं होतं, रंगछटा ‘वॉर्म’ केल्यावर ते जाग्यावर आलं. आता मी उजेड पन्नासवर ठेवतो. टीव्ही व्यवस्थित चालू आहे.

३१,२७० आणि ४,६०० या दोन आकड्यांमधलं अंतर मोबाइलच्या बॅटरीनं दोन मिनिटांत कळलं. पण या उपायाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. वॉरंटी चालू असेल तर बाहेरच्या कारागिराला हात लावू देऊ नका, कंपनी पुढं हात झटकेल. पडद्यावर उभ्या रंगीत रेघा आल्या असतील, अर्धा पडदा वेगळा दिसत असेल किंवा काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी तडा असेल, तर बहुधा काच किंवा तिच्या कडेचे जोड गेलेले असतात. पट्ट्या बदलून ते बरं होत नाही. अशा वेळी दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त असेल, तर नवा घ्यावा. आणि मागचं झाकण स्वतः काढू नका. दिव्यांच्या माळेला शंभराहून जास्त व्होल्ट मिळतात, आणि प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज राहते.

विकत घेण्याआधी

या अनुभवानंतर कोणी मला टीव्हीबद्दल विचारलं, तर मी चित्राआधी सेवेचं विचारतो. दुकानदाराला तीन प्रश्न करा. माझ्या पिनकोडला कंपनीचा माणूस येतो का? आपल्यापैकी जे हुबळी, जबलपूर किंवा सुरतेजवळच्या एखाद्या लहान गावात राहतात, त्यांच्यासाठी हा पहिला प्रश्न आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर पिनकोड घालून तो स्वतः तपासता येतो. दुसरा प्रश्न, वॉरंटीनंतर बॅकलाइटची पट्टी सुटी मिळते की पूर्ण पॅनलच घ्यावं लागतं? दुकानदाराला हे माहीत नसतं, म्हणून कंपनीच्या मदत क्रमांकावर मॉडेल सांगून विचारा. तिसरा, वाढीव वॉरंटी कोण देतं, कंपनी, दुकान की विमावाले? तिच्या कागदावर पॅनल आणि बॅकलाइट हे दोन्ही शब्द आहेत का ते वाचा. असतील आणि दोन वर्षांसाठी किमतीच्या आठ-दहा टक्क्यांपर्यंत मागत असतील, तर या किमतीच्या टीव्हीला ती घेण्यासारखी आहे. फक्त ‘सुटे भाग’ लिहिलं असेल, तर पैसे वाचवा.

वॉरंटीच्या काळात कंपनी टाळाटाळ करत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. त्यासाठी बिल, तक्रार क्रमांक आणि कंपनीच्या माणसानं दिलेला लेखी शेरा जवळ ठेवा. तोंडी ‘पॅनल गया’ला तिथं काही किंमत नसते.

राहता राहिले माझ्या टीव्हीचे गुण. चित्र या किमतीला चांगलं, एचडीआर नावापुरता. आवाज बातम्यांपुरता ठीक, चित्रपटाला साउंडबार हवा. ॲपचा वेग दीड वर्षात निम्म्याहून कमी झाला, स्टिकनं तो प्रश्न सुटला. कंपनीची सेवा वेळेवर आली, पण तिच्याकडं माझ्या बिघाडाला लागणारा भागच नव्हता. टीव्हीचे ४१,०००, स्टिकचे ५,५००, भेटीचे ५९० आणि पट्ट्यांचे ४,६००. साउंडबार वेगळा धरला तरी दोन वर्षांचा हिशेब ५१,६९० होतो. टीव्ही घेताना खोक्यावरची किंमत नव्हे, हा आकडा मनात ठेवून बजेट ठरवा.

तुमच्या टीव्हीचा पडदा काळा झाला आणि आवाज येत असेल, तर नवा टीव्ही बघायला निघण्याआधी खोलीतले दिवे मालवा आणि मोबाइलची बॅटरी लावून बघा.

नमस्कार. जय हिंद.